‘दुप्पट धोका’ म्हणजे नेमका किती? दोनाचे चार झाले की बातमी कशी वाचावी

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. तिशीच्या आतली एक रुग्ण माझ्या दवाखान्यात आली. पाळी अनियमित असल्याने स्त्रीरोगतज्ज्ञांनी तिला गर्भनिरोधक गोळ्या सुरू केल्या होत्या आणि त्या तिला छान लागू पडल्या होत्या. मग कोणीतरी तिच्या मोबाईलवर एक मजकूर पाठवला : ‘या गोळ्यांमुळे रक्तात गुठळी होण्याचा धोका दुप्पट’. तिने त्याच रात्री पाकीट अर्धे ठेवून गोळ्या बंद केल्या. नवऱ्यालाही सांगितले नाही. माझ्याकडे आली तेव्हा पाळी चुकून तीन आठवडे झाले होते आणि घरी केलेल्या लघवीच्या तपासणीत दोन रेघा आल्या होत्या. त्या वेळी तिला मूल नको होते.

त्या मजकुरात खोटे असे काही नव्हते. धोका खरोखरच दुप्पट होता. फक्त कशाच्या दुप्पट, ते लिहिलेले नव्हते.

हा लेख त्या न लिहिलेल्या आकड्याविषयी आहे. औषधाच्या दुष्परिणामाची किंवा साथीची बातमी वाचताना ‘दुप्पट’, ‘100 टक्के वाढ’, ‘तिप्पट’ असे शब्द तुमच्यासमोर येतात. ते वाचून औषध बंद करावे का, मुलाला शाळेत पाठवावे का, असे निर्णय तुम्ही घेता. म्हणून आधी एक खरे, जुने आणि नीट नोंदलेले उदाहरण सविस्तर पाहू.

ब्रिटनमधला ऑक्टोबर 1995

ऑक्टोबर 1995 मध्ये ब्रिटनमधल्या औषध-सुरक्षा समितीने देशभरातल्या डॉक्टरांना आणि औषधविक्रेत्यांना तातडीचे पत्र पाठवले. विषय होता तेव्हा नव्याने लोकप्रिय झालेल्या गर्भनिरोधक गोळ्या. गर्भनिरोधक गोळीत साधारणपणे दोन संप्रेरके असतात. त्यातले एक इस्ट्रोजेन आणि दुसरे प्रोजेस्टोजेन. जुन्या गोळ्यांत हे दुसरे संप्रेरक बहुधा लेव्होनॉर्जेस्ट्रेल असे. आपल्याकडच्या ‘माला-डी’मध्येही तेच आहे. नव्या गोळ्यांत त्याऐवजी डेसोजेस्ट्रेल किंवा जेस्टोडीन वापरले होते. या नव्या गोळ्या घेणाऱ्या महिलांच्या शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचे प्रमाण जुन्या गोळ्यांच्या सुमारे दुप्पट दिसते, असे अभ्यासांत आढळले होते.

अनेक डॉक्टरांच्या हातात ते पत्र पडण्यापूर्वीच बातमी दूरचित्रवाणीवर आणि वर्तमानपत्रांत झळकली. ‘दुप्पट’ हा शब्द घराघरात पोहोचला. घाबरलेल्या महिला फोन करू लागल्या, तेव्हा डॉक्टरांकडे द्यायला उत्तरच नव्हते. हजारो महिलांनी गोळ्या सोडल्या आणि त्यांतल्या अनेकींनी दुसरे कोणतेही साधन सुरू केले नाही.

आता तो न सांगितलेला आकडा पाहू. सात हजार महिलांचे एक गाव कल्पा. सगळ्या जुनी गोळी घेतात. वर्षभरात त्यांतल्या साधारण एकीला गुठळी होईल. आता त्याच सात हजार जणींना नवी गोळी द्या. वर्षभरात साधारण दोघींना गुठळी होईल. एकाच्या दोन झाल्या, म्हणजे 100 टक्के वाढ. पण त्या गावातल्या 6,998 जणींना दोन्ही परिस्थितींत काहीच होणार नाही.

हेच लाखाच्या हिशोबात मांडले तर तेव्हाचे अंदाज असे होते : एक लाख महिलांमध्ये वर्षभरात जुन्या गोळीवर साधारण 15 जणींना गुठळी, नव्या गोळीवर साधारण 30 जणींना. म्हणजे लाखामागे 15 जास्त. अशी गुठळी झालेल्यांपैकी शंभरातल्या एक ते दोन जणी दगावतात, हेही तेव्हा माहीत होते. म्हणजे लाख महिलांनी वर्षभर नवी गोळी घेतली, तर त्यामुळे होणारा जास्तीचा मृत्यू एकापेक्षाही कमी. बाकीच्यांना त्रास होतो, काही महिने रक्त पातळ ठेवणारी औषधे घ्यावी लागतात. हा त्रास लहान नाही, पण त्यावर उपचार आहेत.

बातमीतून आणखी एक आकडा गळाला होता आणि माझ्या मते तोच सगळ्यात महत्त्वाचा होता. गर्भारपणात गुठळीचे प्रमाण किती? तेव्हाच्या अंदाजानुसार लाखामागे साधारण 60. गर्भारपणात रक्त निसर्गतःच लवकर गोठते. बाळंतपणात रक्तस्राव थांबावा म्हणून शरीराने केलेली ती तयारी असते. त्यात वाढलेल्या गर्भाशयाचा पोटातल्या शिरांवर दाब येतो आणि पायातले रक्त संथ होते. म्हणजे 30 च्या भीतीने गोळी सोडून ज्यांना नको असताना दिवस गेले, त्या 60 च्या धोक्यात जाऊन पोहोचल्या.

पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये आधीच्या कलापेक्षा सुमारे 13,000 गर्भपात जास्त झाले, असा अंदाज आहे. त्याआधी काही वर्षे गर्भपातांचे प्रमाण कमी होत चालले होते. ते 1996 मध्ये पुन्हा वर गेले. साधारण तेवढीच जास्तीची बाळंतपणेही झाली. सर्वात जास्त फटका बसला तो किशोरवयीन मुलींना. सोळा वर्षांखालच्या मुलींमध्ये सुमारे 800 जास्तीच्या गर्भधारणा झाल्याचे नंतरच्या हिशोबात दिसले. एका शब्दाचा हा दुष्परिणाम कोणत्याही गोळीच्या दुष्परिणामापेक्षा मोठा होता.

मग बातमी दडपायला हवी होती का? मुळीच नाही. धोका खरा होता आणि महिलांना तो कळायलाच हवा होता. बातमी अशी देता आली असती : ‘नव्या गोळीवर वर्षभरात लाखातल्या 30 महिलांना गुठळी होते, जुन्या गोळीवर 15 जणींना. गर्भारपणात हेच प्रमाण 60 आहे. पाकीट पूर्ण करा आणि गोळी बदलायची का ते डॉक्टरांना विचारा.’ जागा फार लागत नाही. एवढ्या मजकुरावर स्वतःचा निर्णय घेणे कोणत्याही समजूतदार बाईला शक्य आहे.

टक्केवारीत नेमके काय हरवते

टक्केवारी हा भागाकार आहे. वर वाढ असते आणि खाली मूळ संख्या. खालची संख्या लहान असली की उत्तर आपोआप फुगते. दोनाचे चार झाले तर 100 टक्के वाढ. एकाचे तीन झाले तर 200 टक्के. शून्याचा एक झाला तर टक्केवारी काढताच येत नाही. उलट, 2,000 चे 2,100 झाले तर वाढ फक्त 5 टक्के दिसते, पण प्रत्यक्षात शंभर माणसे जास्त आजारी पडलेली असतात. बातमी कोणती मोठी? मथळ्यांवरून ठरवाल तर हमखास चुकाल.

गंमत म्हणजे उतरताना हीच टक्केवारी वेगळी वागते. दोनाचे चार झाले की 100 टक्के वाढ, आणि पुढच्या वर्षी चाराचे पुन्हा दोन झाले की फक्त 50 टक्के घट. माणसे तितकीच वाढली आणि तितकीच कमी झाली. वाढीची बातमी मात्र घटीच्या बातमीहून दुप्पट दणकेबाज वाटते.

औषधांच्या जाहिरातीत याचा वापर उलट्या दिशेने होतो. एखादे औषध पाच वर्षांत शंभरातल्या दोघांऐवजी एकाला झटका येऊ देत असेल, तर जाहिरातीत ‘धोका 50 टक्क्यांनी कमी’ असे छापतात आणि दुष्परिणाम ‘शंभरात एक’ अशा भाषेत बारीक अक्षरात देतात. फायदा टक्केवारीत आणि तोटा प्रत्यक्ष संख्येत, अशी जोडी दिसली की दोन्ही एकाच मापाने मोजून बघा.

दोनाचे चार : योगायोग किती, खरी वाढ किती

वरच्या उदाहरणात मूळ प्रमाण लहान होते, पण ते मोठ्या अभ्यासांतून काढलेले होते. त्यामुळे ‘दुप्पट’ हा शब्द अपुरा असला तरी भरवशाचा होता. आपल्या स्थानिक बातम्यांत अडचण याहून मोठी असते. तिथे मोजलेली माणसेच हाताच्या बोटांवर मावतील इतकी असतात.

समजा, तुमच्या तालुक्यात गेल्या जुलैमध्ये लेप्टोचे दोन रुग्ण सापडले होते आणि या जुलैमध्ये चार सापडले. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस. उंदरांच्या आणि गुरांच्या मूत्रातून पाण्यात, चिखलात आलेले जंतू पायाच्या जखमेतून शरीरात शिरतात आणि हा ताप येतो. मथळा तयार आहे : ‘तालुक्यात लेप्टोचे रुग्ण दुप्पट’. आजार खरोखर वाढला आहे का?

हे तुम्ही घरबसल्या तपासू शकता. एक नाणे घ्या. दोन वर्षांत मिळून सहा रुग्ण झाले, म्हणून सहा वेळा नाणे उडवा. छापा पडला तर तो रुग्ण गेल्या वर्षीचा, काटा पडला तर या वर्षीचा. नाण्याला दोन्ही बाजू सारख्याच, म्हणजे दोन्ही वर्षे आजाराचा जोर अगदी सारखा, असे आपण धरले आहे. तरीही बरोबर तीन छापे आणि तीन काटे पडण्याची शक्यता तिसऱ्या हिश्श्याहूनही थोडी कमी, 64 पैकी 20 इतकीच असते. उरलेल्या 44 वेळा वाटणी चार-दोन किंवा त्याहूनही असमान होते. म्हणजे काहीही बदललेले नसताना एखाद्या वर्षीचे रुग्ण दुसऱ्या वर्षीच्या दुप्पट किंवा त्याहून जास्त दिसणे, हेच जास्त वेळा घडते. त्यातल्या निम्म्या वेळा ‘वाढ’ दिसेल आणि निम्म्या वेळा ‘घट’. घटीची बातमी कोणी छापत नाही, म्हणून तुमच्यापर्यंत फक्त वाढच पोहोचते.

आता हाच खेळ 600 वेळा नाणे उडवून करा. 200 छापे आणि 400 काटे कधी पडतील? आयुष्यभर नाणे उडवत बसलात तरी पडणार नाहीत. 600 मध्ये वाटणी 300 च्या आसपास, फार तर वीस-पंचवीस इकडे-तिकडे होते. म्हणून 200 चे 400 झाले तर काहीतरी नक्की बदललेले असते आणि आरोग्य खात्याने त्याच दिवशी हालचाल करायला हवी. दोनाचे चार आणि दोनशेचे चारशे, दोन्ही ‘100 टक्के’च. पण पहिल्यात बहुधा योगायोग असतो आणि दुसऱ्यात कारण.

खऱ्या आयुष्यातले नाणे तर याहूनही लहरी असते. एकाच घरातले दोघे भाऊ एकाच खाचरात लावणी करतात आणि दोघेही एकाच आठवड्यात आजारी पडतात. एका शेताने दोन रुग्ण वाढवले. शिवाय गेल्या वर्षी जवळच्या रुग्णालयात या तापाची चाचणीच होत नव्हती आणि या वर्षी ती सुरू झाली, तर रुग्ण वाढलेले ‘दिसतात’. आधी ते ‘कावीळ झाली’ किंवा ‘न्यूमोनिया झाला’ या नावाखाली जात होते. साथीच्या काळात मी स्वतःही एरवीपेक्षा जास्त तपासण्या लिहून देतो, आणि जास्त शोधले की जास्त सापडते. म्हणून रुग्णांच्या संख्येबरोबर किती जणांची तपासणी झाली हेही छापले पाहिजे. दोनशे तपासण्यांत दोन आणि चारशे तपासण्यांत चार, याला वाढ म्हणता येत नाही.

तुलना कोणत्या वर्षाशी केली, हेही बघा. गेल्या वर्षी पाऊस कमी झाला आणि रुग्ण नेहमीपेक्षा कमी होते, तर या वर्षीची साधारण संख्याही ‘दुप्पट’ दिसते. एका वर्षाशी केलेल्या तुलनेपेक्षा मागच्या पाच वर्षांचे आकडे ओळीने ठेवले तर चित्र लगेच स्पष्ट होते. समजा, ते आकडे 3, 5, 1, 4, 2 असे असतील आणि या वर्षी 4, तर त्यात बातमी नाही. 0, 0, 1, 0, 2 असतील आणि या वर्षी 4, तर मी थोडा सावध होईन, पण अजून घाबरणार नाही.

इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. दोन असोत की चार, पुराच्या पाण्यातून किंवा चिखलातून चालल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत जोराचा ताप आणि पोटऱ्या दुखणे सुरू झाले, डोळे लाल झाले, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा आणि पाण्यातून चालल्याचे आवर्जून सांगा. हा सल्ला टक्केवारीवर अवलंबून नाही.

लहान आकडा खरोखर गंभीर कधी असतो

आता कोणी म्हणेल, ‘म्हणजे चार रुग्णांकडे दुर्लक्षच करायचे?’ नाही. वैद्यकातले काही मोठे शोध याहून थोड्याच जास्त रुग्णांवरून लागले आहेत.

अमेरिकेतल्या बॉस्टनमध्ये 1960 च्या दशकाच्या उत्तरार्धात डॉक्टरांना योनिमार्गाचा एक विशिष्ट कर्करोग तरुण मुलींमध्ये दिसू लागला. वय अवघे 15 ते 22. या वयात हा कर्करोग जवळजवळ कधीच दिसत नसे. एकूण रुग्ण किती? आठ. डॉ. आर्थर हर्ब्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टक्केवारी काढत बसण्याऐवजी या आठ मुलींच्या आयांना भेटून गर्भारपणाची माहिती घेतली. तुलनेसाठी प्रत्येक मुलीमागे त्याच सुमारास जन्मलेल्या चार निरोगी मुली, अशा 32 मुलींच्या आयांकडेही तीच चौकशी केली. आठपैकी सात आयांनी गर्भपात टाळण्यासाठी गर्भारपणात डीईएस नावाचे कृत्रिम इस्ट्रोजेन घेतले होते. 32 पैकी एकीनेही घेतले नव्हते. हे निष्कर्ष 1971 च्या एप्रिलमध्ये प्रसिद्ध झाले आणि त्याच वर्षी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने गर्भवतींना हे औषध देऊ नये असा इशारा दिला.

इथे संख्या लहान असूनही निष्कर्ष पक्का कशामुळे झाला? एक तर मूळ प्रमाण लहान नव्हते, ते जवळजवळ शून्य होते. त्या वयात तो आजार होतच नाही म्हटले तरी चालले असते. दुसरे म्हणजे आजारी मुलींना जोडणारा एकच धागा सापडला. आणि तिसरे, तो धागा निरोगी मुलींमध्ये आहे का, हे शोधून पाहिले तेव्हा तो तिथे नव्हता. यातली तिसरी पायरी बातम्यांत नेहमी गाळली जाते. ‘झटका आलेल्या चौघांनीही अमुक लस घेतली होती’ असे वाचाल, तेव्हा विचारा की झटका न आलेल्या किती जणांनी ती घेतली होती? गावातल्या जवळपास सगळ्यांनीच घेतली असेल, तर चौघांपैकी चौघांनी घेतलेली असणारच.

आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण पुण्याचे आहे. जीबीएस, म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम, हा नसांचा आजार जगभरात वर्षाला लाखामागे साधारण एक ते दोन जणांना होतो. पुण्यात जानेवारी 2025 मध्ये सिंहगड रस्ता परिसरात याचे रुग्ण एकापाठोपाठ एक येऊ लागले आणि महिना संपेपर्यंत संशयितांची संख्या शंभराच्या पुढे गेली. अनेकांना आधी जुलाब झाले होते आणि काहींच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. हा जिवाणू जीबीएसचे ओळखीचे कारण आहे. इथे ‘इतके टक्के वाढ’ म्हणायची गरजच नव्हती. एकाच पट्ट्यातले रुग्ण, आधीचे जुलाब आणि पाण्याकडे बोट दाखवणारा जिवाणू, एवढे पुरेसे होते. दुसरी खूण म्हणजे आकडा थांबला नाही. योगायोगाने चारावर गेलेला आकडा पुढच्या वेळी बहुधा पुन्हा दोन-तीनवर येतो. कारण खरे असेल तर चाराचे नऊ आणि नवाचे वीस होतात.

तुमचे स्वतःचे मूळ प्रमाण

पुन्हा गोळ्यांकडे येऊ, कारण ‘मूळ धोका लहानच आहे’ हे वाक्य सगळ्यांना लागू होत नाही. इथे माझीही एक चूक कबूल करायला हवी. वर सांगितलेल्या रुग्णेनंतर काही काळ मी प्रत्येकीला ‘काही होत नाही, धोका नगण्य आहे’ असे सांगू लागलो होतो. तेही अर्धवटच होते. कशाच्या दुप्पट हे त्या मजकुराने सांगितले नव्हते, आणि कोणासाठी नगण्य हे मी विचारत नव्हतो.

1995 नंतर निदानाच्या सोयी सुधारल्या, मोठे अभ्यास झाले आणि आकडेही बदलले. युरोपच्या औषध संस्थेने 2013 मध्ये मांडलेला हिशोब असा आहे : गोळी न घेणाऱ्या आणि गर्भवती नसलेल्या दहा हजार महिलांमध्ये वर्षाला साधारण 2 जणींना गुठळी होते. लेव्होनॉर्जेस्ट्रेलच्या गोळीवर 5 ते 7 जणींना, तर डेसोजेस्ट्रेल, जेस्टोडीन किंवा ड्रोस्पिरेनोन असलेल्या गोळीवर 9 ते 12 जणींना. गर्भारपणात आणि बाळंतपणानंतरच्या आठवड्यांत धोका यांपेक्षाही जास्त असतो. पाळीच्या तक्रारींसाठी आणि पीसीओएससाठी आपल्याकडे ड्रोस्पिरेनोनच्या गोळ्या बऱ्याचदा दिल्या जातात. तुमच्या पाकिटावर यांतले कोणते नाव आहे ते एकदा वाचा.

हे आकडे सरासरीचे आहेत. तुमच्या आई-वडिलांना किंवा भावंडांना कमी वयात पायात किंवा फुप्फुसात गुठळी झाली असेल, तुमचे वजन बरेच जास्त असेल, पाय प्लास्टरमध्ये असेल किंवा मोठी शस्त्रक्रिया ठरली असेल, तर तुमचे मूळ प्रमाण सरासरीच्या कितीतरी वर असू शकते. मग त्याच्या दुप्पट हा आकडा लहान राहत नाही. पस्तिशीनंतर सिगारेट किंवा विडी ओढणाऱ्या महिलांना आणि डोळ्यांपुढे वेड्यावाकड्या चमकत्या रेषा येऊन अर्धशिशी होणाऱ्यांना इस्ट्रोजेनची गोळी सहसा देतच नाहीत. त्यांच्या बाबतीत काळजी मुख्यतः हृदयविकाराची आणि पक्षाघाताची असते. ही माहिती डॉक्टरांनी विचारली नाही, तर तुम्ही स्वतःहून सांगा. गोळी सुरू केल्यानंतरच्या पहिल्या वर्षात, विशेषतः पहिल्या काही महिन्यांत, गुठळीचा धोका सर्वाधिक असतो. म्हणून पाच वर्षे सुखाने गोळी घेणारीने बातमी वाचून ती अचानक थांबवणे आणि काही महिन्यांनी पुन्हा सुरू करणे हा तोट्याचा सौदा आहे. काही आठवड्यांच्या खंडानंतर गोळी पुन्हा सुरू केली की तो सुरुवातीचा वाढलेला धोका परत येतो.

एखादी बातमी वाचून काळजी वाटली, तर डॉक्टरांकडे जाताना ती मोबाईलवर तशीच घेऊन जा. ‘हे खरे का?’ एवढेच विचारलेत तर ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच उत्तर मिळेल. त्याऐवजी विचारा, ‘माझ्यासारख्या हजार जणींमध्ये औषध न घेता हे कितीजणींना होते आणि औषध घेऊन कितीजणींना? औषध बंद केले तर काय होईल?’ डॉक्टरांना नेमका आकडा पाठ नसेल, तर बघून सांगतो म्हणाले तरी चालेल. मीही पुष्कळदा बघूनच सांगतो.

गोळी चालू असताना एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, गरम किंवा लालसर झाली, अचानक धाप लागली, श्वास घेताना छातीत टोचले किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर सकाळची वाट न बघता जवळच्या रुग्णालयात जा आणि तिथे पोहोचताच कोणती गोळी घेता ते सांगा. पायाच्या शिरांची डॉप्लर सोनोग्राफी करून पायातली गुठळी ओळखता येते आणि फुप्फुसाची शंका असेल तर सीटी स्कॅन करतात. असे काही नसेल आणि फक्त बातमी वाचून भीती वाटली असेल, तर चालू पाकीट संपेपर्यंत गोळी घेत राहा आणि ते संपायच्या आत डॉक्टरांना भेटा.